सिरिंजकडे कुठून पाहिले?

इंदूरच्या रामबागेत मी घरीच अकरावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेतो. मुले शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात, पण माझ्याकडे येणारी बहुतेक मराठी घरांतली असल्याने शंका मराठीत विचारतात. गेल्या हिवाळ्यात समतोलाच्या धड्यावरील चाचणीत, नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू जोडीने जुळण्याच्या समतोलावर दाब वाढवल्याने काय होते या प्रश्नाला, निम्म्याहून अधिक जणांनी एकच वाक्य लिहिले होते: ‘दाब वाढवल्याने अभिक्रियेचा वेग वाढतो, म्हणून समतोल उजवीकडे सरकतो.’ पहिला भाग खरा, दुसराही या उदाहरणापुरता खरा, चूक होती ती त्या ‘म्हणून’मध्ये.

फळ्यावर समजावण्याऐवजी मी एका महाविद्यालयीन मित्राच्या प्रयोगशाळेत मुलांना घेऊन गेलो. नायट्रोजन डायऑक्साइड विषारी असल्यामुळे मित्राने धूरकपाटातच काचेच्या सिरिंजमध्ये तो तांबूस वायू 50 मिलीलीटर भरून तोंड पक्के बंद केले होते. त्यातील समतोल असा:

2NO₂ ⇌ N₂O₄

डावीकडचा वायू तांबूस, उजवीकडचा रंगहीन. दट्ट्या पटकन दाबून आकारमान निम्मे केले. रंग क्षणात गडद झाला, आणि एक-दोन सेकंदांत थोडा फिका पडला.

बाजूने पाहणारी एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, आधीपेक्षा तर गडदच आहे. म्हणजे समतोल डावीकडे गेला ना?” सिरिंजच्या टोकाशी उभा असलेला मुलगा म्हणाला, “मला तर आधीपेक्षा फिका दिसतोय.” दोघेही बरोबर होते. हा प्रश्न मी योजलेला नव्हता, पण तासाचा खरा धडा तोच ठरला.

मी कागदावर आकडे मांडले. 25 अंश सेल्सिअसला, एकूण दाब 1 बार असताना, NO₂ चा आंशिक दाब सुमारे 0.32 बार आणि N₂O₄ चा 0.68 बार असतो. आकारमान निम्मे केल्यावर, काहीच अभिक्रिया झाली नाही असे धरले, तर हे आकडे 0.64 आणि 1.36 होतात. मग काही NO₂ जोडला जाऊन तापमान पूर्ववत झाल्यावर 0.47 आणि 1.45 वर समतोल येतो. बाजूने पाहताना नजर सिरिंजच्या जाडीइतकाच थर पार करते, म्हणून तिला संहती दिसते, आणि ती 0.32 वरून 0.47 झाली आहे. टोकाकडून पाहताना थराची लांबी निम्मी होते, म्हणून दिसते ते रंगीत वायूचे एकूण प्रमाण, आणि ते 0.32 ऐवजी सुमारे 0.23 इतकेच उरले आहे. समतोल उजवीकडे गेला याचा पुरावा ही घट आहे, नुसता गडदपणा नव्हे.

आता वेगाची गोष्ट. आकारमान निम्मे होताच प्रत्येक वायूची संहती दुप्पट होते. NO₂ चे दोन रेणू एकमेकांना भेटावे लागतात, त्यामुळे पुरोगामी अभिक्रियेचा वेग चौपट होतो. N₂O₄ चा रेणू एकटाच फुटतो, त्यामुळे प्रतिगामी अभिक्रियेचा वेग फक्त दुप्पट होतो. दोन्ही वाढले, पण सारखे नाही वाढले, आणि सरकणे घडले ते या फरकामुळे. H₂ + I₂ ⇌ 2HI चा समतोल असाच निम्म्या आकारमानात कोंबला तर दोन्ही वेग चौपट होतात, कारण दोन्ही बाजूंना दोन-दोन वायुरेणू आहेत. वेग वाढूनही स्थान तसूभर हलत नाही. जांभळा रंग केवळ आयोडीन दाटल्याने गडद होतो. मुलांच्या त्या ‘म्हणून’ला यापेक्षा सरळ उत्तर मला सापडलेले नाही.

तरीही एकाने चिकाटीने विचारले, “मग फिका व्हायला दोन सेकंद लागले, तो अभिक्रियेचा वेग नव्हे का?” पूर्वी मीही तसेच सांगत असे, याची मला थोडी लाज वाटली. ही अभिक्रिया इतकी जलद आहे की सेकंदाच्या अत्यल्प अंशातच ती समतोलाला पोहोचते, 0.64 चा तो क्षण डोळ्याला दिसतच नाही. दट्ट्या झटकन दाबल्याने वायू तापतो, आणि ही जोडणी उष्णतादायी असल्यामुळे तापलेल्या वायूत NO₂ जास्त राहतो. काचेतून उष्णता बाहेर जाते तसा रंग फिका पडतो. दोन सेकंद मोजतात ते वायूचे थंड होणे.

खात्री करायला मित्राने दट्ट्या पुन्हा ओढून, या वेळी अगदी सावकाश दाबला. बाजूने पाहणाऱ्यांना रंग हळूहळू गडद होताना दिसला, पण दाबून थांबल्यावर फिका पडण्याचा तो टप्पा जवळजवळ जाणवलाच नाही. चाचणीचे पेपर मी परत केले तेव्हा त्या मुलीने ‘म्हणून’ खोडून वर दोन्ही वेगांची पट लिहून दिली: चार आणि दोन.