घरचं कार्य आणि हॉटेलातली खोली

मामेबहिणीचं लग्न सांगलीत होतं. पत्रिका द्यायला आले तेव्हाच मामी म्हणाली, "आदल्या दिवशी सकाळीच या, घरीच उतरायचं." मला माणसांच्या गर्दीत झोप लागत नाही, आणि लग्नघरातल्या पहाटेच्या न्हाणीघराच्या रांगेचं तर मी नावच घेत नाही. हॉटेल आधीच ठरवलं होतं. प्रश्न फक्त सांगायचं कसं, एवढाच होता.

आपल्याकडे कारण दिलं की त्यावर लगेच तोडगा निघतो. माझ्या ताईने मागे एका लग्नात "पाठ दुखते, खाली झोपवत नाही" असं सांगितलं, तर यजमानांनी आजोबांना खाली गादीवर झोपवून तिला त्यांचा पलंग दिला. बिचारी रात्रभर शरमेने जागी. म्हणून मी कारणांत शिरलेच नाही. गाद्या-उशा भाड्याने सांगायच्या आत, म्हणजे दोन-तीन आठवडे आधी, थेट मामीला फोन लावला. मामाला सांगून उपयोग नसतो. तो "बरं बरं" म्हणतो आणि विसरतो.

"मामी, आम्ही दोघं हॉटेलात उतरतोय. बुकिंग झालंय, पैसेही भरलेत. आमच्या गाद्या धरू नकोस."

"हॉटेलात? घरचं कार्य असताना? लोक काय म्हणतील गं!"

"सीमांतपूजनाला पाचपासून तिथेच आहे, जेवणं उरकेपर्यंत हलत नाही. सकाळी हळदीला सातला हजर. फक्त झोपायला जाणार."

यानंतर ती जरा निवळली. तिची खरी धास्ती हीच होती, की ही आता पाहुण्यासारखी अक्षता टाकायला उगवणार. मग मामाचा फोन: "बिल मी देतो." तेही गोडीत पण ठाम नाकारलं. त्याने बिल भरलं असतं तर आमच्या आवडीचा भुर्दंड त्याच्यावर पडला असता, आणि बाकीच्यांना वाटलं असतं की यांनाच का खोली दिली.

खोली कार्यालयापासून चालत जाता येईल अशीच घ्यावी. लांब असली की रात्री कुणीतरी सोडायला निघतं, म्हणजे यजमानांना पुन्हा तोशीस. आणखी एक गोष्ट बुकिंगच्या वेळीच विचारून घेतली. मुहूर्त होता 12 वाजून 20 मिनिटांचा आणि हॉटेलवाल्यांची खोली सोडायची वेळ 12. मंगलाष्टकं सोडून बॅगा भरायला कोण जाणार? त्यांनी दुपारी तीनपर्यंत मुभा दिली. नसती दिली तर सकाळीच बॅगा खाली काउंटरवर ठेवून निघायचं ठरवलं होतं.

लग्नाच्या दिवशी दहाच्या सुमारास मामीच हळूच म्हणाली, "तुझ्या खोलीची चावी दे गं, दोघीतिघींना साड्या बदलायच्यात. इथे आरसा मिळेना."