तेहतीसचा हिशेब

पोलादपूरला सकाळी निघतानाच हवा भरून घेतली होती. टायर गार होते, चारही चाकांत ३३. मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलं. तिथे हवा भरणाऱ्या पोराने गेज लावला आणि म्हणाला, "काका, ३७ झालीय. कमी करू?" मी मान डोलावली. फुस्स झालं, चारही चाकं पुन्हा ३३ वर आली. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या गेजवर बघतो तर २९! चारही टायर एकाच रात्री पंक्चर होत नाहीत, म्हणजे चूक माझ्या मानेचीच.

गेज टायरमधली सगळी हवा मोजतच नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे, एवढंच तो सांगतो. पोलादपूरला बाहेरची हवा साधारण साडेचौदा पीएसआयने दाबत असते. साडेतेराशे मीटर वर, महाबळेश्वरला, साडेबाराने. म्हणजे टायरमध्ये एक फुंकरही न घालता काटा दोनने चढतो. उरलेली वाढ उष्णतेची. घाटातल्या वळणांवर रबर सतत दबतं, सुटतं, तापतं आणि आतली हवाही तापते.

रात्री ही उष्णता निघून जाते. खाली निघताना ३० अंश होते, वर पहाटे १५. या पंधरा अंशांच्या फरकाने दाब दोन-सव्वादोनने उतरतो. डोंगराने दोन दिले, थंडीने दोन घेतले. मी काही केलं नसतं, तर पहाटे पुन्हा ३३ च्या आसपासच दिसले असते! पण पोराने सोडलेली हवा कुठल्याही हिशेबात परत येणार नव्हती.

तरी मी म्हटलं, खाली उकाड्यात गेलो की भरून निघेल. उकाडा दाब वाढवतो खरा, पण खाली बाहेरची हवाही जड होते आणि तेवढाच काटा मागे खेचते. वर पिऊन झाकण लावलेली पाण्याची रिकामी बाटली पायथ्याशी चेपलेली निघाली, ती त्याच भाराने. उतरल्या उतरल्या गेज ३१ म्हणाला, आणि मी खूशही झालो. ती ब्रेकची धग होती. गाडी तीन-चार तास सावलीत उभी राहिल्यावर पाहिलं, तर २९ च. तिथे गार टायरमध्ये चार-चार पॉइंट भरून घेतले.

पुढच्या खेपेला वर तोच पोरगा भेटला. "काका, ३७ झालीय."

"राहू दे."

"फुकट आहे हो," तो म्हणाला. हवा सोडायचेही पैसे वाचवणारा माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.