तालमीची खोली, नोंद तिसरी: फोम, फट आणि फ्लश डोअर

मागच्या नोंदीत भिंतींना दोन इंची फोम लावल्याचे लिहिले होते. पुढच्या रविवारी ड्रम आणि बास गिटार घेऊन बसलो तेव्हा झांजांचा कल्ला निवळलेला होता, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता, आणि रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे दारात उभ्या होत्या.

मग मोजायला बसलो. स्पीकरवर एकाच पातळीवर पिंक नॉइज लावून आत आणि दाराबाहेर फोनच्या ॲपने नोंद घेतली. ॲपचे आकडे काटेकोर नसले तरी दोन नोंदींमधील फरकावर विसंबता येते. फोम लावण्यापूर्वी आत 95 आणि बाहेर 73 डेसिबल होते, नंतर आत 92 आणि बाहेर 70. खोलीतले घुमणे कमी झाल्याने दोन्ही आकडे तीनने उतरले, पण आतबाहेरचा फरक 22 वरून हलला नाही, आणि रोधन म्हणजे तो फरकच. फोममधून फुंकर आरपार जाते, तसा आवाजही जातो. फोम परावर्तन शोषतो. आवाज अडवायला वजन लागते, आणि त्या वजनात भोक नसावे लागते.

भोक दाराखाली होते. दार दोन मीटर उंच आणि 90 सेंटिमीटर रुंद आहे, खालची फट एक सेंटिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाच्या दोनशेवा भाग. तेवढ्यातून दोनशेवा भाग ऊर्जा निसटली, तर दार शिशाचे केले तरी रोधन 23 डेसिबलच्या पुढे जात नाही. फोमवर घातलेले पैसे आठवून थोडे हसू आले.

चौकटीला रबर बीडिंग लावले, लाकडी उंबरठा बसवून दार त्यावर दाबून बंद होईल असे केले आणि चौकटीमागच्या भेगा सीलंटने भरल्या. आता फरक 28 आहे. यापुढे मर्यादा भरीव फ्लश डोअरच्या वजनाची आहे. वजन दुप्पट केले तरी जेमतेम पाच-सहा डेसिबलच वाढतात, त्यामुळे दारावर प्लायवुड चढवण्याऐवजी हवेची पोकळी सोडून आतून दुसरे दार बसवणार आहे. पोकळी मात्र ऐसपैस हवी, कारण अरुंद पोकळीतील हवा स्प्रिंगसारखी वागते आणि दोन्ही दारे नेमकी बासच्या पट्टीत एकमेकांना साथ देऊ लागतात.

बास ड्रमचा धक्का अजूनही लादीतून जातो. त्यावर बीडिंगचा काही इलाज नाही, तरंगता चौथरा करावा लागेल.

शिवाय बंद खोलीत अर्ध्या तासात जीव गुदमरतो. पंख्यासाठी सरळ भोक पाडले तर सगळे मुसळ केरात, म्हणून दोन वळणांची जाड प्लायवुडची पेटी करत आहे. तिच्या आतल्या अस्तरासाठी भिंतीवरचा थोडा फोम काढला आहे: वळणावर आदळणारा आवाज तिथे खरोखरच शोषायचा आहे.