क्योनिग्सबर्गचे पूल, पुन्हा एकदा: या वेळी पडझडीचा हिशोब

शनिवार रात्र

क्योनिग्सबर्गचे सात पूल आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी गिरवलेत. ऑयलरने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखवलं की प्रत्येक पुलावरून नेमकं एकदाच जाणारी फेरी शक्य नाही. मला या आठवड्यात दुसराच प्रश्न चावला. प्रत्येक पूल इतरांशी संबंध न ठेवता p या संभाव्यतेने उभा असेल, तर शहराचे चारही भाग एकमेकांशी जोडलेले राहण्याची संभाव्यता किती?

चार ठिपके: क्नाइपहोफ हे बेट, उत्तर काठ, दक्षिण काठ आणि पूर्वेकडचं लोम्झे. बेटापासून उत्तरेला दोन पूल, दक्षिणेला दोन, पूर्वेला एक. पूर्वेपासून उत्तरेला एक, दक्षिणेला एक. झाले सात.

सरळ मोजायचं तर १२८ अवस्था. त्याऐवजी एकच पूल धरायचा आणि विचारायचं: हा उभा आहे की पडलाय? उभा असेल तर त्याची दोन्ही टोकं एकच समजून चिकटवायची, पडला असेल तर तो खोडायचा.

```
R(G) = p*R(G/e) + (1-p)*R(G-e)
```

`G` म्हणजे ठिपके आणि पुलांचा ग्राफ, `R(G)` म्हणजे तो जोडलेला राहण्याची संभाव्यता, `e` म्हणजे धरलेला पूल. `G/e` म्हणजे चिकटवलेला ग्राफ, `G-e` म्हणजे खोडलेला. सात पुलांवर लगेच उडी मारायची नाही असं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत सातांपैकी दोन पूल गेले, बेट–उत्तर जोडीतला एक आणि बेट–दक्षिण जोडीतला एक. उरलेल्या पाचांचा ग्राफ म्हणजे एक चौकोन आणि त्याचा एक कर्ण. कर्ण म्हणजे बेट–पूर्व पूल. सरावाला तोच घेतला.

रविवार

कर्ण पडला तर उरतो चौकोन. चौकोन जोडलेला राहायला चारपैकी जास्तीत जास्त एक बाजू पडलेली चालते, म्हणजे `4p^3 - 3p^4`. p = ०.९ ला ०.९४७७.

कर्ण उभा असेल तर बेट आणि पूर्व मिळून एक ठिपका, त्याला एका बाजूने उत्तर आणि दुसऱ्या बाजूने दक्षिण लटकलेले. दोन रेघा, `p^2`. गुणाकार-बेरीज केली:

```
5p^3 - 7p^4 + 3p^5
```

p = १ टाकून पाहिलं, उत्तर १ आलं. सगळे पूल पक्के असताना शहर जोडलेलं, म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून चहा घेतला. मग p = ०.९ टाकलं तर ०.८२३७७.

शेजारी बसलेली भाची वहीत डोकावून म्हणाली, "मामा, चौकोनाला ०.९४ होतं ना? एक पूल वाढवला आणि शहर जास्त तुटलं?"

पोरीचं बरोबर होतं. जादा पूल उभा असो वा पडो, आधी जोडलेली अवस्था तुटूच शकत नाही, त्यामुळे पूल वाढवल्यावर R कमी होणं अशक्य. चूक चिकटवण्यात होती. उत्तर काठावरून बेटाकडे एक पूल आणि पूर्वेकडे एक पूल. बेट आणि पूर्व एक झाले तरी पूल दोनच राहतात, फक्त आता दोन्ही त्याच दोन ठिपक्यांमध्ये समांतर पडतात. मी "जोडलंय ना" म्हणून एकच रेघ काढली होती. दोन समांतर पुलांपैकी एक जरी उभा असला तरी चालतं, म्हणून त्या जोडीची संभाव्यता `2p - p^2`, ०.९ ला ०.९९. दोन्ही बाजूंना तसंच, म्हणून ०.९९ चा वर्ग ०.९८०१. आता

```
R = 0.9*0.9801 + 0.1*0.9477 = 0.97686
R(p) = 8p^3 - 11p^4 + 4p^5
```

p = १ च्या तपासणीने ही चूक का पकडली नाही? कारण तिथे `(1-p)` शून्य होतो, आणि चिकटवलेला ग्राफ कसाही चुकलेला असला, पण जोडलेला असला, तरी १ च देतो. खरी तपासणी सर्वात लहान घाताच्या सहगुणकात आहे. चार ठिपक्यांना जोडायला किमान तीन पूल लागतात, त्यामुळे `p^3` चा सहगुणक म्हणजे चारही ठिपके जोडणाऱ्या तीन-तीन पुलांच्या निवडींची, म्हणजेच स्पॅनिंग ट्रींची संख्या. पाचातले तीन पूल निवडायचे दहा मार्ग, त्यातले दोन त्रिकोण वगळले की आठ. माझ्या चुकीच्या सूत्रात पाच होते. ही तपासणी आता वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलीय.

बुधवार

मूळ सात पूल. पुन्हा बेट–पूर्व पुलावरच अट घातली. तो उभा असेल तर उत्तरेकडून चिकटलेल्या ठिपक्याला आता तीन समांतर पूल, म्हणजे १ − ०.००१ = ०.९९९. दक्षिणेलाही तेच, वर्ग ०.९९८००१. तो पडला तर चौकोन उरतो, पण बेटाकडच्या दोन बाजू ०.९९ च्या आणि पूर्वेकडच्या दोन ०.९ च्या. चारही उभ्या किंवा नेमकी एक पडलेली, अशी बेरीज ०.९८६३३७.

```
R = 0.9*0.998001 + 0.1*0.986337 = 0.9968346
R(p) = 21p^3 - 52p^4 + 51p^5 - 23p^6 + 4p^7
```

सहगुणकांची बेरीज १. स्पॅनिंग ट्री २१: चिकटवलेल्या शाखेतून ३×३ = ९, खोडलेल्या शाखेतून १२. जुळलं.

तुटण्याची शक्यता सात पुलांना सुमारे ०.००३२, पाच पुलांना ०.०२३१, म्हणजे सातपट. कारण शोधायला सूत्रही लागत नाही. सात पुलांत उत्तर, दक्षिण आणि पूर्व यांना प्रत्येकी तीन पूल, म्हणून एखादा भाग एकटा पडायचा धोका साधारण ३ × ०.००१. दोन पूल गेल्यावर उत्तर आणि दक्षिणेला प्रत्येकी दोनच उरले, २ × ०.०१. गंमत म्हणजे ऑयलरची फेरी नेमकी याच पाच पुलांवर शक्य होते, कारण विषम पुलांचे ठिपके आता फक्त दोन. शहर फिरायला सोपं झालं आणि तुटायला पण.

(बॉम्ब आणि पूर एकेक पूल निवडून पाडत नाहीत. एका नदीवरच्या पुलांना "स्वतंत्र" मानणं हे या हिशोबातलं सर्वात कच्चं गृहीतक आहे, हे मान्य.)

शुक्रवार

पाच पुलांचं उत्तर दुसऱ्या पुलावर अट घालून ताडून पाहिलं. या वेळी बेट–उत्तर. उभा असेल तर त्रिकोण, एक बाजू ०.९९ ची: ०.८१ + ०.१८ × ०.९९ = ०.९८८२. पडला तर उत्तर एकाच पुलावर लटकते आणि बाकीचा त्रिकोण ०.९७२ चा: ०.९ × ०.९७२ = ०.८७४८. एकूण पुन्हा ०.९७६८६.

पण दोन शाखांमधला फरक पाहा. बेट–उत्तर पूल उभा असणं आणि पडलेला असणं यात ०.११३४ चा फरक. कर्णाच्या बाबतीत तोच फरक ०.९८०१ − ०.९४७७ = ०.०३२४. दुरुस्तीला एकाच पुलापुरते पैसे असतील, तर ते बाहेरच्या चारांपैकी एकावर लावावेत. मी हिशोबाला सोपा म्हणून जो मधला पूल निवडला होता, तो पाचांतला सर्वात बिनमहत्त्वाचा निघाला.