आमची वाटचाल : ‘ठे.व.’ या दोन अक्षरांपासून

सांगलीत न्यायालयाजवळच्या एका गाळ्यात 2011 साली आम्ही भाषांतराचे काम सुरू केले, तेव्हा खरेदीखते, वारसनोंदी आणि जन्मदाखले हेच आमचे रोजचे काम होते. व्हिजाच्या फायली पुढे हळूहळू येऊ लागल्या. मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये नोकरीला, घरात बाळंतपण जवळ आलेले आणि आईवडिलांना सहा महिन्यांसाठी तिकडे जायचे, असा बहुतेक फायलींचा प्रसंग असे. या आईवडिलांचे खाते मोठ्या शहरी बँकेत क्वचितच असायचे. ते जिल्ह्यातील सहकारी बँकेत किंवा गावच्या पतसंस्थेत असायचे, उतारा मराठीत असायचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा असायचा. ब्रिटनच्या व्हिजासाठी इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाचे संपूर्ण भाषांतर जोडावे लागते, आणि त्यावर ते मूळ कागदाबरहुकूम असल्याची भाषांतरकाराची ग्वाही, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील द्यावा लागतो. सही आमची असते, म्हणून चूकही आमचीच ठरते, हे आम्हाला 2014 साली एका फायलीने शिकवले.

त्या फायलीत एका निवृत्त शिक्षकांच्या बचत खात्याचा सहा महिन्यांचा उतारा होता. त्यात तपशिलाच्या रकान्यात काही ठिकाणी ‘ठे.व्या.’ आणि एका ठिकाणी ‘ठे.व.’ असे लिहिलेले होते. आम्ही दोन्हींचे भाषांतर ‘ठेवीवरील व्याज’ असे केले, कारण दुसऱ्या ठिकाणी छपाईत काना आणि जोडाक्षर गळाले असावे असे आम्हाला वाटले. वास्तविक पहिल्या नोंदी तिमाही व्याजाच्या, प्रत्येकी 3,750 रुपयांच्या होत्या, तर दुसरी नोंद 2,00,000 रुपयांची होती आणि तिचा अर्थ ‘ठेव वर्ग’ असा होता. म्हणजे मुदत संपलेल्या ठेवीची मुद्दल बचत खात्यात वर्ग झाली होती. आमच्या कागदावर मात्र ज्या खात्याला तिमाहीला 3,750 रुपये व्याज मिळते, त्याच खात्यात एका दिवशी दोन लाखांचे व्याज जमा झालेले दिसत होते. अर्ज नाकारला गेला, आणि नकाराच्या पत्रात या रकमेचा उगम स्पष्ट होत नसल्याचे लिहिलेले होते. त्या गुरुजींनी आम्हाला एक शब्दही कठोर बोलला नाही, पण नातवाच्या बारशाला ते पोहोचू शकले नाहीत, ही गोष्ट आमच्या मनातून आजही गेलेली नाही.

ही चूक कागदावरच ओळखता आली असती. दोन लाखांची ठेव साडेसात टक्के दराने वर्षाला 15,000 रुपये आणि तिमाहीला 3,750 रुपये व्याज देते, हा हिशेब कोणालाही करता येतो. म्हणजे त्या 3,750 रुपयांच्या नोंदीच ठेवीची रक्कम सांगत होत्या. शिवाय व्याज ठरलेल्या अंतराने पडते आणि मुद्दल मुदत संपेल त्या दिवशी येते, म्हणून तारखांच्या ओळीत न बसणारी आणि नेमकी गोल असलेली रक्कम व्याजाची नसावी, अशी शंका यायला हवी होती. ती आली असती, तर आम्ही त्यांच्याकडून ठेव पावती मागवून त्याच तारखेची तीच रक्कम तिथे ताडून पाहिली असती.

त्यानंतर आम्ही दोन नियम लावले आणि ते आजपर्यंत मोडलेले नाहीत. पहिला असा की, कोणत्याही संक्षेपाचा अर्थ केवळ अक्षरांवरून लावायचा नाही. रकाना जमेचा आहे की नावेचा म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांचा, शिल्लक वाढली की घटली, रक्कम कशी आहे आणि तारीख कोणती आहे, हे चारही पाहायचे. तरीही खात्री पटली नाही, तर ग्राहकामार्फत शाखेत विचारून घ्यायचे आणि ज्या कर्मचाऱ्याने सांगितले त्याचे पद आणि तारीख आमच्या वहीत लिहून ठेवायची. एकाच जिल्ह्यात दोन बँका ‘क.व.’ हा संक्षेप दोन अर्थांनी वापरतात, एकीकडे ‘कर्ज वर्ग’ आणि दुसरीकडे ‘कर्ज वसुली’, असे आमच्या अनुभवास आले आहे. पहिल्यात पैसे खात्यात येतात आणि दुसऱ्यात जातात, म्हणून इथे रकाना पाहिल्याशिवाय अर्थ लागूच शकत नाही. इंग्रजी उताऱ्यातील BY TRF आणि TO TRF यांतही हाच सापळा आहे; TRF म्हणजे ट्रान्सफर, वर्ग झालेली रक्कम. TO म्हणजे ‘कडे’ असा शब्दशः अर्थ घेऊन कोणी त्याला खात्याकडे आलेली रक्कम समजले, तर नावे पडलेली रक्कम जमेची होऊन बसते. खातेवहीच्या जुन्या रीतीने TO म्हणजे नावे आणि BY म्हणजे जमा.

भाषांतरात आम्ही मूळ संक्षेप जसाच्या तसा रोमन लिपीत उतरवून घेतो आणि त्यापुढे पूर्ण अर्थ इंग्रजीत देतो, म्हणजे अधिकाऱ्याला मूळ कागदावरची ओळ आमच्या ओळीशी लावता येते. सर्व संक्षेपांची एक छोटी यादी शेवटच्या पानावर असते आणि ती भाषांतरकाराची टीप असल्याचे तिथेच लिहिलेले असते. टीप मूळ मजकुरात मिसळायची नाही, याबाबत आम्ही फार काटेकोर आहोत.

दुसरा नियम आकड्यांचा आहे. देवनागरी अंक इंग्रजीत उतरवताना डोळ्यांना सवयीने भूल पडते. ४ हा 8 सारखा, ७ हा 6 सारखा आणि १ हा 9 सारखा दिसतो, विशेषतः जुन्या ठिपक्यांच्या छपाईत. म्हणून टंकलेखन झाल्यावर प्रत्येक ओळीत मागची शिल्लक अधिक जमा उणे नावे असे सूत्र लावून येणारी शिल्लक मूळ उताऱ्यावरच्या शिलकेशी ताडून पाहतो. फरक ज्या ओळीपासून सुरू होतो, तीच ओळ चुकलेली असते. फरकाला नऊने निःशेष भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची दाट शक्यता असते. हिशेबनीसांची ही जुनी खूण आम्हाला फार उपयोगी पडते. पण मूळ उताऱ्यातच बेरीज चुकली असेल, तर आम्ही ती दुरुस्त करत नाही. आकडा आहे तसा ठेवतो आणि ग्राहकाला शाखेतून दुरुस्त उतारा आणायला सांगतो.

या दोन्ही नियमांची खरी कसोटी 2023-24 च्या गळीत हंगामानंतर आलेल्या एका फायलीत लागली. वाळवा तालुक्यातील एक शेतकरी दांपत्य मुलीकडे निघाले होते. त्यांतील काकांच्या नावे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 3,60,000 रुपयांचा होता, पण बँकेच्या उताऱ्यात साखर कारखान्याकडून आलेल्या दोनच रकमा दिसत होत्या. ‘ऊ.बि.’ म्हणजे ऊसबिल या नोंदीखाली 1,67,750 रुपये आणि काही महिन्यांनी 22,500 रुपये, म्हणजे एकूण 1,90,250 रुपये. दाखला आणि खाते शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दाखला फुगवल्यासारखा वाटला असता, आणि काकांनाही हा फरक कुठून आला हे चटकन सांगता येईना.

आम्ही त्यांना कारखान्याची ऊसबिलाची पावती आणायला सांगितली. तीत ऊस 112.500 टन होता आणि दर टनाला 3,000 रुपये, त्यांपैकी 2,800 पहिल्या हप्त्यात आणि 200 दुसऱ्या हप्त्यात. पहिला हप्ता 3,15,000 रुपयांचा झाला, परंतु त्यातून विकास सोसायटीच्या पीक कर्जाची वसुली म्हणून 1,45,000 आणि टनाला 20 रुपये प्रमाणे कपात म्हणून 2,250 रुपये कारखान्यानेच वळते केले होते. उरलेले 1,67,750 खात्यात आले. दुसरा हप्ता 22,500 रुपयांचा होता आणि तो पूर्ण आला. म्हणजे ऊसाचे ढोबळ उत्पन्न 3,37,500 रुपये होते, आणि खात्यात दिसत होते ते कपातीनंतरचे. दूध संघाचे दर दहा दिवसांचे बिल तर काकूंच्या वेगळ्या खात्यात पडत होते आणि ते खाते फायलीत लावलेच नव्हते.

इथे काकांनी सरळ मनाने विचारले, “साहेब, दाखल्यातला आकडा आणि खात्यातला आकडा तुम्ही भाषांतरात एकसारखा करून टाकता का?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, आकडे न जुळणे म्हणजेच खोटे असणे, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना सांगितले की दाखला, बिल आणि उतारा हे तीन वेगळे कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून ते एकमेकांशी सारखे नसणारच. जो आकडा एका कागदावर आहे, तो मात्र दुसऱ्या कागदावर उल्लेखला जाईल तेव्हा पैशापैशाने तोच असला पाहिजे. म्हणून आम्ही ऊसबिलाची पावती, सोसायटीचा कर्ज खाते उतारा आणि काकूंच्या खात्याचा उतारा असे तीन कागद नव्याने भाषांतरास घेतले. 1,45,000 हा आकडा बिलावर कपात म्हणून आणि सोसायटीच्या उताऱ्यावर जमा म्हणून आला. 1,67,750 बिलावर निव्वळ रक्कम म्हणून आणि बँकेच्या उताऱ्यावर ‘ऊ.बि.’ म्हणून आला. या दुव्यांचे स्पष्टीकरण काकांनी स्वतःच्या सहीच्या अर्धपानी पत्रात दिले, कारण उत्पन्नाचा खुलासा करणे अर्जदाराचे काम आहे आणि तो भाषांतरकाराने आपल्या टिपेत घुसवणे योग्य नाही.

आर्थिक वर्षाबाबतही त्या पत्रात एक वाक्य घालायला सांगितले. तहसीलदारांचा दाखला 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षाचा होता आणि बँकेचा उतारा ऑक्टोबरपासून दुसऱ्या हप्त्यापर्यंतचा, त्यामुळे ऊसबिलाचा दुसरा हप्ता उताऱ्याच्या मुदतीत बसत होता आणि दाखल्याच्या वर्षात नव्हता. हे न सांगितल्यास वाचणारा 22,500 रुपये दोनदा मोजण्याची किंवा मुळीच न मोजण्याची चूक करू शकतो.

स्वल्पविरामाचा प्रश्न मात्र आम्ही लवकरच निकालात काढला. 1,67,750 हा आकडा इंग्रजीत 167,750 असा लिहावा की आहे तसाच ठेवावा, यावर आमच्या कार्यालयात बरीच चर्चा झाली. मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आम्ही आहे तसाच ठेवतो आणि एक लाख म्हणजे शंभर हजार अशी टीप पहिल्या पानावर देतो. पौंडांत रूपांतर कधीही करत नाही, कारण दर रोज बदलतो आणि मूळ कागदावर तो आकडा नाही.

नावाचे स्पेलिंग पारपत्रावरून घेतो, पासबुकावरून नाही. काकूंच्या पासबुकावर पतीचे नाव मध्ये होते आणि पारपत्रावर आडनाव पुढे, म्हणून त्या ओळीखाली मूळ नोंद जशी आहे तशी आणि पारपत्रावरील रूप असे दोन्ही दिले.

काका-काकूंना व्हिजा मिळाला. त्यांच्या कारखान्याच्या ‘ऊ.बि.’ आणि दूध संघाच्या ‘दू.बि.’ या नोंदी आता आमच्या वहीत आहेत. त्या वहीच्या पहिल्याच ओळीत 2014 सालचा ‘ठे.व.’ आहे, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला आम्ही तीच ओळ आधी वाचायला देतो.