चौसष्ट खडे

गावातली आरोग्य कार्यकर्ती म्हणून त्या घरी मी तीन दिवसांत दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा सात महिन्यांच्या मुलीला सर्दी-खोकला होता आणि अंग थोडं गरम होतं. ती आईच्या मांडीवर शांत असताना मी पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ४४ भरले. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त झाले, तर आम्ही गावपातळीवर न्यूमोनिया धरतो. ४४ म्हणजे साधी सर्दी. अंगावर पाजत राहा, ऊब द्या, खोकल्याचं औषध विकत आणू नका, एवढं सांगितलं आणि निघताना म्हटलं, "जास्त वाटलं तर लगेच बोलवा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेले. आजी दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं आहे आता तिला. काल रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आज सकाळपासून कशी शांत पडून आहे."

शांत हा शब्द ऐकला आणि मी थेट आत गेले. आजारी बाळ दोन कारणांनी शांत होतं. एक तर त्याला आराम पडलेला असतो, नाहीतर रडायलाही ताकद उरलेली नसते. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून बाळाला जागं करून बघावं लागतं. आराम पडलेलं बाळ डोळे उघडून चेहऱ्याकडे बघतं, छातीशी धरलं की जोर लावून ओढतं. या मुलीच्या तळव्याला मी गुदगुल्या केल्या, तर तिने डोळे अर्धे उघडले आणि मिटून घेतले. आई म्हणाली, "तोंडात घेते, दोन घोट ओढते आणि सोडून देते." एवढ्या भराभर श्वास घ्यावा लागत असताना बाळाला चोखायला सवड कुठून मिळणार?

झबलं वर केलं. एरवी बाळ श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. इथे पोट वर येत होतं, पण बरगड्यांच्या खालची कडा प्रत्येक श्वासाला आत खेचली जात होती. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर हे लक्षण धरायचं नसतं, पण ती दोन्ही करत नव्हती. नाकपुड्या फुलत होत्या. मी घड्याळ लावून श्वास मोजले, ६६. हे आता माझ्या पेटीतल्या गोळ्यांवर भागण्यासारखं नव्हतं.

इथे माझं चुकलं. मी घाबरले होते आणि ती भीती तशीच्या तशी त्यांच्या अंगावर टाकली. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या, नाहीतर पोर हातची जाईल." आई रडायला लागली. बाप आपल्या आईकडे बघू लागला. आजींनी मुलीला सुनेच्या मांडीवरून उचलून छातीशी घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं सांगून झालं ना? जा आता."

मी गेले नाही. दाराशीच खाली बसले आणि आईला विचारलं, "वहिनी, हिला औषधाचा पहिला डोस देऊ का?" तिने मान हलवली. या वयाला अ‍ॅमॉक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची विरघळणारी एक गोळी द्यायची असते. ती चमचाभर पाण्यात विरघळवली, बाळाला जरा उभं धरायला सांगितलं आणि थोडं थोडं करून पाजलं. दर वेळी गिळल्याची खात्री केली. गिळता आलं नसतं तर मी दिलंच नसतं, कारण अशा वेळी औषध श्वासनळीत जायची भीती असते.

या डोसाचा एक धोका प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असतो. तो दिला की घरच्यांना वाटतं उपचार झाला. बाप लगेच म्हणालाच, "मग आता सकाळी बघू की." मी म्हटलं, "दादा, हा रस्त्यापुरता डोस आहे. औषध जंतूंशी लढेल, पण त्याला वेळ लागतो. तोवर तिला हवा कमी पडते आहे आणि हवा माझ्या पेटीत नाही."

"तिथे नळी लावतील," आजी एकदम म्हणाल्या. "माझ्या थोरल्याला लावली होती. लावली आणि गेला."

या घराला दोन मुलगे होते, हे इतकी वर्षं येऊन-जाऊन मला माहीत नव्हतं. तोंडावर आलं होतं की तुम्ही उशीर केला असणार. ते गिळलं. तीस वर्षं ज्या दुःखाला आजींनी नळी हे कारण दिलं होतं, ते काढून घेऊन त्या जागी त्यांचीच चूक ठेवणारी मी कोण? मी फक्त विचारलं, "नेलं तेव्हा कसा होता तो?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन दिवस दूध घेतलं नव्हतं त्यानं. पडून होता नुसता. नखं निळी झाली होती." हे बोलता बोलता त्यांची नजर नातीच्या बोटांकडे गेली. मीही बघितलं. नखं अजून गुलाबी होती.

"आजी, हिची नखं अजून चांगली आहेत," मी म्हटलं. "मी सांगते म्हणून ऐकू नका. तुम्हीच मोजा."

मुलीचा तीन वर्षांचा भाऊ शेजारी गाढ झोपला होता. मी अंगणातून ओंजळभर खडे आणले. आधी त्याच्यापाशी बसलो. त्याचं पोट एकदा वर आलं की आजींनी एक खडा बाजूला ठेवायचा आणि मी घड्याळ बघायचं. मिनिट झालं तेव्हा ढिगात २४ खडे होते. मग मुलीला आईच्या मांडीवर निजवलं. आजी सुरुवातीला सावकाश ठेवत होत्या, मग त्यांचा हात पुरेना. पाऊण मिनिटाला खडे संपले आणि बापाने उठून मूठभर आणखी आणून त्यांच्यासमोर टाकले. ६४ झाले. माझ्यापेक्षा दोन कमी, पण हाताने मोजताना एवढा फरक पडतोच. लहान बाळाचा श्वास मुळातच मोठ्या मुलापेक्षा जलद असतो, हेही मी सांगितलं, कारण अर्धं खरं सांगून मला त्यांना न्यायचं नव्हतं. "हिच्या वयाला ४९पर्यंत चालतात. त्यावरचे खडे आजाराचे." आजींनी मोठ्या ढिगातून ४९ मोजून वेगळे केले आणि उरलेल्या पंधरांकडे बघत राहिल्या.

"नळी लावतील का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"लावतील. नाकाशी दोन बारीक टोकं बसवतात, त्यातून ऑक्सिजन येतो. घशात काही घालत नाहीत. हवा पुरायला लागली की काढतात."

"वाचेल?"

या प्रश्नाला हो म्हणायचा मोह फार होतो. मी म्हटलं, "ते मी सांगू शकत नाही. आज नेली तर वाचायची आशा खूप जास्त आहे, उद्या नेली तर ती कमी होईल, एवढं नक्की सांगते." मग मनात आलं ते बोलले, "तुम्हीही चला. नळी लावतील तेव्हा तिच्यापाशी तुम्हीच बसा." तोवर सगळे त्यांना घरी ठेवूनच बोलत होते, मीसुद्धा. आजी उठल्या आणि त्यांनी बाळाची दुपटी गोळा करायला घेतली.

बापाचं अडणं वेगळं होतं. किती दिवस लागतील, मोठ्याला कोण बघणार, रात्री परत कसं यायचं? असे प्रश्न म्हणजे नकार, असं मी पूर्वी समजायचे. उलट माणूस मनाने निघाला की मगच असे प्रश्न पडतात. चार-पाच दिवस तरी धरा, म्हटलं. मोठ्यासाठी शेजारच्या काकूंना मी स्वतः जाऊन विचारून आले. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, हॉस्पिटललाही केला आणि सात महिन्यांचं, छाती आत खेचली जाणारं बाळ येतंय असं कळवलं, म्हणजे पोचल्यावर दारात वेळ जाणार नाही. चिठ्ठीवर श्वासांचा आकडा, लक्षणं, डोस आणि तो दिल्याची वेळ लिहिली. ही वेळ लिहिली नाही तर तिथल्या डॉक्टरांना काय दिलं, कधी दिलं हे विचारत बसावं लागतं आणि घाबरलेल्या घरच्यांना ते नीट सांगता येत नाही.

वाटेत बाळाला आडवं न ठेवता आईच्या छातीशी जरा उभं धरायला लावलं. डोकं आणि पाय झाकले, तोंड-नाक मोकळं ठेवलं. दूध मागितलं तर थोडंच द्यायचं, जबरदस्तीने पाजायचं नाही. आजी सगळा रस्ता तिच्या नखांवर टॉर्च मारून बघत होत्या.

पोचल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८५ दाखवत होता. ९०च्या खाली असेल तर ऑक्सिजन द्यावाच लागतो. नर्स नळी घेऊन आली तेव्हा आजींचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला. नळी बसली. मुलगी थोडी कुरकुरली आणि आजी म्हणाल्या, "रडली." दिवसभरात तिने काढलेला तो पहिला आवाज होता. थोड्या वेळाने यंत्रावरचा आकडा ९४ झाला.

पाच दिवस इंजेक्शनं चालली. ऑक्सिजन तिसऱ्या दिवशी काढला. त्याच दिवशी ती पोटभर दूध प्यायली, असा बापाचा फोन आला.

माझं ते "जास्त वाटलं तर" मला अजून बोचतं. त्या घरात जास्त म्हणजे जास्त रडणं, जास्त ताप. बाळ गप्प होणं त्यांच्या लेखी कमीच होतं. मी कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलंच नव्हतं. आता मी सर्दीच्या बाळाच्या घरातून निघण्याआधी चार गोष्टी सांगते: दूध सोडलं, श्वास भराभर चालला, छाती आत ओढायला लागली किंवा उठवलं तरी नीट जागं होईना, तर त्याच वेळी बोलवायचं, रात्र असली तरी. आणि आईकडून, घरात आजी असल्या तर त्यांच्याकडूनही, त्या परत म्हणवून घेते. पाठ म्हणून दाखवायला लोक संकोचतात. मी थांबते.

मुलगी घरी आल्यावर दोन दिवसांनी मी बघायला गेले. ती उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायला बघत होती. मी घड्याळ काढलं, तर आजी म्हणाल्या, "मी मोजलेत. अडतीस."

मी मोजले. ४० आले.

"हलत होती ती," आजी म्हणाल्या. "झोपली की पुन्हा मोज."