फ्लॉरेन्स: 115 फ्लोरिनांचं चित्र आणि एका व्यापाऱ्याचं दान

फ्लॉरेन्सच्या मुख्य कॅथेड्रलमागून व्हिया देइ सेर्वी हा रस्ता धरला की दहा मिनिटांच्या आत सान्तिस्सिमा अन्नुन्झियाता चौक लागतो. उजव्या हाताला करड्या दगडांच्या खांबांवर नऊ कमानींचा लांब व्हरांडा दिसतो, तेच ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती, टाकून दिलेल्या बाळांचं अनाथालय. बहुतेक प्रवासी ब्रुनेलेस्की या वास्तुकाराच्या कमानींचा फोटो काढून पुढे जातात. माझा आग्रह आहे की तिकीट काढून वरच्या मजल्यावरच्या चित्रदालनात जा. रेनेसान्सच्या कलेसाठी पैसा नेमका कसा यायचा, हे या एका इमारतीत स्पष्ट दिसतं.

मूळ पैसा प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याचा. आव्हिन्यों, पिसा, बार्सिलोना अशा ठिकाणी त्याच्या पेढ्या होत्या. लोकर, कापड, शस्त्रं असा पडेल तो माल तो विकायचा. 1410 मध्ये तो वारला तेव्हा बहुतेक संपत्ती त्याने प्रातोतल्या गरिबांसाठी ठेवली आणि फ्लॉरेन्समध्ये अनाथ बाळांसाठी घर काढायला 1,000 फ्लोरिन, म्हणजे फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी, दिले. त्या काळी चर्च व्याजाला पाप मानायचं, त्यामुळे हुंडी आणि विनिमयातून कमावलेल्यांना मरताना परलोकाचा हिशोब चुकता करायची काळजी असायची. दातिनीचं दान त्यातलंच. पण एवढ्या पैशात वास्तू उभी राहणं शक्य नव्हतं. मग रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या व्यवसाय संघटनेने, काम अंगावर घेतलं. 1419 मध्ये बांधकाम सुरू झालं, बाळं मात्र 1445 पासून यायला लागली. इतका मोठा खर्च एका माणसाच्या मरणावर अवलंबून न राहता संघटनेच्या नावावर गेला, म्हणूनच हे काम तडीस गेलं, असं मला वाटतं.

आता चित्राकडे. दोमेनिको घिर्लांदायोचं ‘राजांचं पूजन’, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचं दृश्य, हे संस्थेच्या चर्चच्या वेदीसाठी केलेलं मोठं लाकडी फलकचित्र. त्याचा करार 23 ऑक्टोबर 1485 चा आहे आणि त्याची कलमं वाचण्यासारखी आहेत. किंमत 115 फ्लोरिन. रंग चित्रकाराने स्वखर्चाने आणायचे. दागिन्यांवर सोन्याची पूड. निळा रंग अल्ट्रामरीनच हवा, आणि तोही सुमारे चार फ्लोरिन औंसाचा. चित्र कागदावरच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे आणि चित्रकाराने स्वतःच्या हाताने रंगवायचं. मुदत तीस महिन्यांची, दरमहा तीन फ्लोरिन. उशीर झाला तर पंधरा फ्लोरिन दंड.

दर लिहायचं कारण सरळ आहे. हा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडातून निघायचा. दगड दळून मेण, राळ, तेलात मळायचा आणि मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात तो गोळा दाबत राहायचा. पहिल्या वेळी खाली बसतो तो सर्वात गडद आणि महाग, नंतरचे फिकट, शेवटी नुसती राखाडी. ‘अल्ट्रामरीन वापरा’ एवढंच लिहिलं असतं तर तिसऱ्या खेपेचा फिकट रंगही त्यात बसला असता. त्यातही स्वस्त पर्याय म्हणजे अझुराइट, जो काही वेळा हिरवट पडतो. संपूर्ण 115 फ्लोरिनांतसुद्धा असा चांगला निळा 29 औंसही आला नसता. म्हणून मरियमच्या झग्यासमोर थांबून रंग जवळून बघा. ग्राहकाने पैसे कुठे घातले ते तिथे दिसतं.

तीसही हप्ते मिळून 90 फ्लोरिन होतात. उरलेल्या 25 ची खात्री चित्रकाराला नव्हती, कारण करार लिहिणाऱ्या फ्रा बेर्नार्दोला वाटलं तर तो जाणकारांचं मत घेऊन किंमत कमी करू शकत होता. हा बेर्नार्दो जेसुआती या ख्रिस्ती पंथाचा धर्मबंधू. फ्लॉरेन्समधले जेसुआती स्वतः अल्ट्रामरीन बनवून विकायचे, म्हणजे रंगात कोणी फसवू पाहिलं तर ते ओळखणारी माणसंच त्याच्या पंथात होती!

चित्र 1488 मध्ये पूर्ण झालं. समोर गुडघे टेकलेली पांढऱ्या कपड्यांतली दोन लहान मुलं आहेत, त्यांच्या अंगावर जखमा आणि डोक्यामागे तेजोवलय. येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बाळांपैकीच ही, आणि त्यांच्यावरूनच संस्थेचं ‘इन्नोचेंती’ हे नाव पडलं. ‘स्वतःच्या हाताने’ हे कलम मात्र पूर्ण पाळलं गेलेलं नाही. मागच्या बाजूचं बाळांच्या कत्तलीचं दृश्य बार्तोलोमेओ दी जोव्हान्नीचं असावं असं अभ्यासक मानतात, आणि वेदीच्या तळाशी असलेली छोट्या चित्रांची पट्टीही त्यानेच केली. व्यग्र चित्रशाळेत मालकाने मुख्य चेहरे करायचे आणि बाकीचं सहकाऱ्यांवर सोपवायचं, ही रीतच होती. मागची ती लहान माणसं आणि पुढच्या राजांचे चेहरे एकापाठोपाठ बघितले, तर हाताचा फरक साध्या डोळ्यांनाही जाणवतो.